एकट्याच्या नावाचे खाते

सुतकातल्या बाईने उंबरठा ओलांडू नये, असा कमळाबाईंच्या घरचा दंडक होता. तो कुणी घातला हे कुणाला ठाऊक नव्हते. पण दंडकाचे सामर्थ्य त्याच्या उगमात नसते, पाळणाऱ्याच्या भयात असते. त्यांच्या धाकट्या मुलाच्या, जयवंतच्या, मृत्यूनंतर त्याची पत्नी मालन डिलाईल रोडवरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिली, ती याच भयाने. आणि त्याच दिवसांत थोरले दीर अजित बँकेच्या एका तरुणाला घेऊन घरात आले. बाईला उंबरठा ओलांडता येत नव्हता. कागदांना येत होता.

"वहिनी, विम्याचे पैसे यायला तुमच्या नावाचं खातं पाहिजे," अजित म्हणाले. "जयवंताच्या पॉलिसीवर तुमचंच नाव आहे. मी सोबत नाव लावतो, म्हणजे तुम्हाला बँकेच्या दारात तिष्ठायला नको. फुलीवर सही करा."

मालन बारावी झालेली होती. तिला वाचता येत होते. परंतु ज्या घरात सोळा वर्षे विजेच्या बिलापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत प्रत्येक रुपया आधी जयवंतच्या आणि मग त्याच्या थोरल्या भावाच्या हातून गेला, त्या घरात वाचता येणे आणि वाचणे या भिन्न गोष्टी होत्या. तिने फुल्या पाहिल्या, सह्या केल्या. खाते कसे चालवायचे, या रकान्यापुढे त्या तरुणाने लिहिले होते : दोघांपैकी कोणीही.

विम्याचे तीन लाख खात्यावर आले. आले त्याच आठवड्यात गेले.

हे तिला कळले ते श्रेयाच्या शाळेची फी भरायला बँकेत गेल्यावर. तेरा वर्षांची लेक शेजारी उभी होती. खिडकीतल्या बाईंनी पासबुक यंत्रात घालून परत दिले. शिल्लक एक हजार चारशे.

"काहीतरी चुकलंय," मालन म्हणाली.

"चूक नाही. दुसऱ्या खातेदारांनी काढलेत. दोघांपैकी कोणीही, असं तुम्हीच लिहून दिलंय. पुढचे या."

संध्याकाळी तिने बदलापूरला दिरांच्या घरी फोन लावला. अजितांच्या आवाजात ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. "आमच्या स्वप्नीलची इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन अडली होती. गावच्या घराचे वासे बदलायचे होते. घरचे पैसे घरातच लागले ना? जयवंत असता तर त्यानेच दिले असते."

हे शेवटचे वाक्य खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते असह्य होते. जयवंतने खरोखरच दिले असते. मृताच्या औदार्याचा हवाला देऊन त्याच्या विधवेला लुटणे यासारखा निर्धोक व्यवहार जगात दुसरा नाही.

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या कमळाबाईंनी सगळे ऐकले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "पैशासाठी दिरावर आवाज चढवतंस? माझो झील गेलो, तेचा तुका काय नाय."

त्या रात्री मालन रडली नाही. सकाळी उठून ती वरच्या मजल्यावर संघमित्राच्या दारात जाऊन उभी राहिली.

संघमित्रा दादरच्या एका पतपेढीत वसुलीचे काम पाही. तिचे वडील मालनच्या सासऱ्यांच्याच गिरणीत कापड खात्यात होते. चाळीत तिची ख्याती कडू जिभेची होती, आणि ती तिने परिश्रमपूर्वक जपली होती.

"रडायला आली असशील तर खालच्या मजल्यावर जा," तिने दारातच सांगितले. "तिथं सगळ्या बायका रडायला फुकट बसल्यात. माझ्याकडे यायचं तर कागद घेऊन यायचं."

"तीन लाख गेले गं."

"गेले. ते आता विसर. कोर्टात जाशील तर मिळतीलही, तोवर श्रेयाचं लग्न होईल. अजून काय यायचं बाकी आहे?"

आपल्याला काय यायचे आहे हेच मालनला माहीत नव्हते, आणि तिची खरी दरिद्रता तीन लाखांच्या हानीत नसून या अज्ञानात आहे, हे तिला त्या क्षणी उमगले.

"जयवंतभाऊ छापखान्यात पगारी होते. पीएफ कापला जायचा. तो आहे. नोकरीत असताना माणूस गेला की पीएफला जोडलेला विमा असतो, तो वेगळा. वर तुला पेन्शन, पोरीला पेन्शन. यातलं काही मागितलंस?"

"भाऊजी म्हणाले, पीएफवर नॉमिनी ते आहेत. ते बघून घेतील."

संघमित्राने चहाचा कप खाली ठेवला. "नॉमिनी कधी केलं?"

"नोकरीला लागले तेव्हा. लग्नाआधी."

"मग ते नाव तुझ्या गळ्यात मंगळसूत्र पडलं त्या दिवशीच मेलं. पीएफमध्ये कुटुंब नसताना भावाचं नाव चालतं. बायको आली की ते आपोआप रद्द. नवं भरायला पाहिजे होतं, ते जयवंतभाऊंनी भरलं नाही. कोणीच भरत नाही. आपले पुरुष मरणार नसतात ना!"

दुसऱ्या दिवसापासून मालनचे शिक्षण सुरू झाले. ते प्रेमळ नव्हते. पालिकेच्या विभाग कार्यालयातून मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त काढून आणायला संघमित्राने सांगितले होते. मालनने पैसे वाचवण्यासाठी दोनच आणल्या, तर तिने तिला तशीच परत पाठवले. दुसऱ्या बँकेत मालनने आपल्या एकटीच्या नावावर खाते उघडले. वारसाच्या रकान्यात श्रेयाचे नाव घातले, आणि ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असल्यामुळे तिच्या वतीने पैसे स्वीकारणारा सज्ञान माणूस कोण, या रकान्यापाशी तिचे पेन अडले. माहेरी कुणी उरले नव्हते. सासरी होते ते अजित.

"तुझं घालू?" तिने विचारले.

"घाल. पण माझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही. श्रेया अठराची झाली की माझं नाव आपोआप गळतं, म्हणून घाल."

छापखान्याच्या कचेरीत शंतनू नावाचा तरुण कामगारांचे कागद बघत असे. तो नम्र होता, आणि नम्रतेच्या आड राहून मालनला तीनदा परत पाठवून चुकला होता. "मॅडम, सिस्टीममध्ये अजित साहेबांचं नाव आहे. त्यांचा फोनही येऊन गेला."

चौथ्या खेपेला मालनने त्याच्या टेबलावर रेशनकार्ड, श्रेयाचा जन्मदाखला, स्वतःचे आधारकार्ड आणि लेखी अर्ज मांडला. "लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर चालत नाही. मृत्यूनंतरचा एकत्रित दावा आहे, निधी, विमा, पेन्शन तिन्हींचा. तुम्ही साक्षांकन करणार नसाल तर तसं लिहून द्या. मी ते जोडून भविष्यनिधी कार्यालयात तक्रार टाकते."

"लिहून कशाला मॅडम..." शंतनू म्हणाला, आणि त्याने शिक्का काढला. लिहून देण्याचे भय हा कचेऱ्यांच्या जगातला एकमेव न्यायाधीश आहे, हे मालनने त्या दिवशी मनाशी नोंदवले.

नामनिर्देशन रद्द ठरले, तर रक्कम कुटुंबात समान वाटली जाते. कुटुंब म्हणजे पत्नी, अज्ञान मुलगी, आणि मृतावर अवलंबून असलेली आई. भाऊ त्यात नाही. अजितांना हे कळले तेव्हा ते गप्प बसले नाहीत; पुढच्याच रविवारी मिठाईचा पुडा घेऊन आले आणि आईच्या पायांशी बसले. इतक्या वर्षांत त्यांनी तसे कधी केले नव्हते.

"आये, तुझा तिसरा वाटा आहे हां. हक्काचा. कोणी काढून घेऊ शकत नाही."

मालन ओट्याशी भात उपसत होती. तिच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार तिच्याइतकाच शांत होता. सासूचे पालन मोठा मुलगाही करतो, असे दावापत्रात म्हटले, तर सासू 'अवलंबून' ठरत नाही. मग वाटे दोनच. अजित स्वतःच चाळीत सांगत फिरत, की आईचा खर्च मी करतो. त्यांचेच वाक्य त्यांच्यावर उलटवता आले असते.

तिने ते संघमित्राला बोलून दाखवले.

"खर्च ते करत होते का?"

"एक दमडी नाही. सगळं ह्यांनीच केलं."

"मग ती अवलंबून होती. ठरव तू. खोटं लिहिलंस तर मी मदत करणार नाही, आणि खरं लिहिलंस तर कोणी तुझी आरती ओवाळणार नाही."

मालनने खरे लिहिले. ते दयेने लिहिले नाही. नियमाने तिला वाचवले होते. तोच नियम सोयीपुरता मोडला, तर उद्या उभे राहायला जमीन उरणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

निधी आणि विमा मिळून तेरा लाखांच्या वर रक्कम मंजूर झाली. प्रत्येक वाट्याला साडेचार लाखांना थोडे कमी. शिवाय मालनला आणि श्रेयाला मासिक पेन्शन लागू झाले. दोन्ही मिळून किराणा आणि वीजबिल निघेल इतकेच, पण दर महिन्याला आणि कुणाच्याही मेहेरबानीवाचून.

कमळाबाईंचा वाटा त्यांच्या खात्यावर आला त्या दिवशी मालनने पोस्टातला अर्ज आणून त्यांच्यापुढे ठेवला. "आई, ज्येष्ठांच्या योजनेत टाका. तुमच्या एकटीच्या नावावर. दर तिमाहीला नऊ हजारांच्या आसपास व्याज हातात येईल. मुद्दल कुणाला हलवता येणार नाही."

कमळाबाईंनी अर्जाकडे पाहिलेसुद्धा नाही. "माका शिकवतंस? माझो अजित म्हणता, तेच्या धंद्यात घालूया. महिन्याक दहा हजार देतलो. आणि मी आता तेच्याकडेच ऱ्हवतलंय. तुझ्या हातचो भात खाऊन कंटाळलंय."

"खात्यावर त्यांचं नाव लावलंत?"

"लावलंय. बँकेतलो पोरगो घराकडे इललो. माका खय चालवता?"

"कसं लिहिलं? दोघांपैकी कोणीही?"

कमळाबाईंनी पिशवी उचलली. जिना उतरताना त्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झील गेलो, आणि सून वकील झाली!"

गॅलरीत हशा पिकला. मालनने दार लावून घेतले.

त्यानंतरचा काळ यशोगाथेसारखा नव्हता. तो काटकसरीचा होता, आणि काटकसरीला कुणी हार घालत नाही. आपल्या वाट्यातला पहिला हिस्सा मालनने सहा महिन्यांच्या खर्चाइतका वेगळा काढून मुदत ठेवीत टाकला. तो मोडायचा नाही, आजारपण आले तरच मोडायचा. उरलेले पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले. श्रेयाचा वाटा श्रेयाच्याच नावे राहिला, ती सज्ञान होईल त्या सुमारास पिकेल अशा बेताने. मुलगी दहाच्या आत असती तर सुकन्या समृद्धी योजनेचे खाते निघाले असते. जयवंतने त्या वर्षांत दर महिन्याला गावच्या मंडळाच्या देवळाला वर्गणी दिली होती. देऊळ सुंदर झाले होते.

दादरला एका केटररच्या स्वयंपाकघरात तिला नोकरी मिळाली. पहिल्या पगारातून पीएफ कापला गेला, त्याच संध्याकाळी तिने मोबाईलवर नामनिर्देशन भरले. सोबतच्या बायका हसल्या. "कालच लागलीस, आजच मरणाची तयारी?" मालन म्हणाली, "मरण सुट्टी टाकून येत नाही." चाळीतल्या भिशीत पैसे घालायला तिने नकार दिला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या प्रितीने तिच्याशी बोलणे टाकले. पुढच्या पावसाळ्यात भिशी चालवणारी बाई पैशांसकट गावी गेली ती परतली नाही. त्यानंतरही प्रिती बोलेना. उलट अधिकच बोलेना. खरे ठरलेल्या माणसाला चाळ क्षमा करीत नाही.

दोन वर्षे लोटली. एका दुपारी मालन कामावरून आली, तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर कमळाबाई बसलेल्या. शेजारी रेग्झिनची पिशवी, पायांत स्वप्नीलच्या जुन्या चपला. स्वप्नील टॅक्सीतून उतरलाही नव्हता, असे पानवाल्याने सांगितले. 'आजी, चार दिवस राहा' म्हणून निघून गेला.

कमळाबाई निम्म्या झाल्या होत्या. अजितांचा धंदा बुडाला होता, की मुळात नव्हताच, हे त्यांना सांगता येईना. दहा हजार पहिले तीन महिने आले. ते त्यांच्याच मुद्दलातून येत होते. नंतर आला तो थोरल्या सुनेचा दुस्वास.

"चार दिसांसाठी इलंय," त्या म्हणाल्या.

मालनने पिशवी उचलली. पिशवीत हिवाळ्याचे स्वेटर होते, औषधांची सगळी पाकिटे होती, आणि नवऱ्याची तसबीर होती. चार दिवसांसाठी कुणी तसबीर देत नाही.

तिने पाय धुवायला पाणी दिले. कुकर लावला. श्रेया शाळेतून आली, आजीला पाहून थबकली आणि अभ्यासाला बसली. ताट वाढून झाले. भात, कुळथाची पिठी, भाजलेला बोंबील. कमळाबाईंचा हात ताटाकडे गेला, तेव्हा मालनने ताट जरासे मागे ओढले आणि तिथे पूर्वीच आणून ठेवलेला एक कागद ठेवला.

"आधी सही."

"कसली?"

"आईबापांना पोसणं मुलाला कायद्यानं बंधनकारक आहे. प्रांताच्या कचेरीत न्यायाधिकरण असतं, तिथला अर्ज आहे. वकील लागत नाही. महिन्याला दहा हजारांपर्यंत लावून देतात. नाही दिले तर वॉरंट निघतं."

"अजितावर?" कमळाबाईंचा आवाज चिरकला. "पोटच्या झिलावर अर्ज करू?"

"सुनेवर करता येत नाही. कायद्यात सून बसत नाही, मी वाचलंय. तुम्हाला ठेवून घ्यायला मी बांधलेली नाही, आई. तरी ठेवते. पण माझ्या भातावर त्यांनी सुटायचं नाही. एकदा सुटले, ते पुरे."

"भूक लागलीहा गो..."

"मलाही लागली होती. फी भरायला गेले होते त्या दिवशी."

श्रेयाने पुस्तकातून मान वर केली. "आई, जेवू दे ना तिला."

"तू वाच."

ताटातली वाफ विरली. पिठीवर साय धरू लागली. खाली रस्त्यावर भाजीवाल्याने दोनदा आरोळी दिली. मालन भिंतीला टेकून बसली होती, ज्या भिंतीला सुतकात टेकून बसली होती त्याच भिंतीला, आणि तिच्या मुद्रेवर क्रोध नव्हता; असता तर म्हातारीला त्याचा आधार वाटला असता. अखेर कमळाबाईंनी पेन घेतले. अक्षरे त्या दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. सही करताना 'कमळा' पुरे झाले, 'बाई' कागदाबाहेर गेली.

"अजून एक," मालन म्हणाली आणि तिने दुसरा अर्ज काढला. "खात्याचा. जे पैसे येतील ते यात येतील. तुमच्या एकटीच्या नावावर."

कमळाबाईंनी डोळे वर केले. इतक्या वेळात प्रथमच त्यांच्या नजरेत जुनी धार चमकली. "आणि तुझा नाव खय? सोबत लावशील ना? दोघांपैकी कोणीही?"

"माझं नाव नाही. कुणाचंच नाही. उद्या तुम्हाला हाताला धरून बँकेत नेईन. काउंटरपाशी तुम्हीच बोलायचं."

म्हातारी त्या कागदाकडे पाहत राहिली. तिला हा डाव कुठे संपतो ते समजत नव्हते; ज्या व्यवहारात समोरच्याला काही मिळत नाही असा व्यवहार तिने बाहत्तर वर्षांत पाहिला नव्हता.

मालनने रकाने भरायला घेतले. नाव, जन्मतारीख, पत्ता. शेवटच्या रकान्यापाशी तिने पेन थांबवले.

"तुमच्या माघारी शिल्लक कुणाला द्यायची? वारस म्हणून कुणाचं नाव घालू?"

जिने सोळा वर्षे भात घातला ती समोर बसली होती. जिच्या बापाच्या मरणातून तो तिसरा वाटा निघाला होता, ती नात कोपऱ्यात पुस्तक उघडे टाकून ऐकत होती.

"अजित," कमळाबाई म्हणाल्या. त्यांना क्षणभरही लागला नाही.

श्रेयाने आईकडे पाहिले. मालनच्या हातातले पेन एका श्वासाइतके थांबले. मग तिने सुवाच्य अक्षरात दिराचे संपूर्ण नाव लिहिले, नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिले, शाई वाळू दिली, आणि गारठलेले ताट सासूपुढे सरकवले.

"जेवा," ती म्हणाली. "सकाळी लवकर निघायचंय."